टँकबाहेरचा वडापाव

सकाळी सातला शिट्टी वाजते आणि आमच्या टँकवरची लेडीज बॅच संपते. दहा मिनिटांत कपडे बदलून, ओले केस टॉवेलात गुंडाळून सगळ्याजणी गेटबाहेर येतात. तिथे वड्याची गाडी आधीच पेटलेली असते. डिसेंबरातल्या पुण्याच्या थंडीत, पाण्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या माणसाला उकळत्या तेलाचा तो वास काय वाटतो, हे ज्याने अनुभवलंय त्यालाच कळेल. मी आहाराचा सल्ला देऊन पोट भरते, आणि कित्येक सकाळी त्याच गाडीवर मी स्वतःचंही पोट भरलेलं आहे. तेव्हा पुढचं सगळं कुणाला नावं ठेवण्यासाठी लिहिलेलं नाही.

बॅचमधली एक बँकेत काम करणारी मैत्रीण गेल्या हिवाळ्यात मला म्हणाली, "ताई, मी आठवड्यातून पाच दिवस पोहते, जेवणही मोजून खाते. दहा आठवड्यांत एक किलो वाढलंय. पाणी प्यायले का मी टँकमधलं?" वय एक्केचाळीस, उंची १५८ सेंटीमीटर, वजन ७२ किलो. मोबाइलमधल्या अॅपने तिला रोज साधारण ४०० कॅलरींची तूट ठेवायला सांगितलं होतं. तशी तूट ठेवली तर आठवड्याला साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास वजन उतरायला हवं, कारण शरीरातली एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० कॅलरी. तिचा काटा मात्र उलटा सरकत होता. आणि तिची खरी तक्रार काट्याबद्दल नव्हतीच. "पूर्वी पळायला जायचे तेव्हा घरी येऊन अर्धा तास काही खावंसंच वाटायचं नाही. पोहून आले की दिसेल ते खाऊ वाटतं. असं का?"

ही तक्रार खरी आहे आणि जुनीही. १९८७ साली ग्विनप या अमेरिकी डॉक्टरांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वजन जास्त असलेल्या बायकांना त्यांनी तीन गटांत विभागलं. एका गटाने चालायचं, दुसऱ्याने सायकल चालवायची, तिसऱ्याने पोहायचं, आणि खाण्यावर कुणालाच बंधन नाही. चालणाऱ्यांचं वजन सुमारे दहा टक्के उतरलं, सायकलवाल्यांचं बारा टक्के. पोहणाऱ्यांचं उतरलंच नाही. पोहण्याने वजन उतरत नाही, असा समज त्यानंतर बराच पसरला. मला तो चुकीचा वाटतो. पोहण्यात कॅलरी खर्च होतात यात शंका नाही. पण खाण्यावर नजर नसली तर त्या कुठून परत येतात, हे त्या अभ्यासातून दिसतं.

फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांनी २००५ मध्ये याचा एक धागा उलगडला. त्यांनी अकरा पुरुषांना पाण्यात बसवलेली सायकल पंचेचाळीस मिनिटं चालवायला लावली, एकदा ३३ अंशांच्या कोमट पाण्यात आणि एकदा २० अंशांच्या गार पाण्यात. दोन्ही वेळा खर्च जवळपास सारखाच, पाचशेच्या थोडा वर. नंतर त्यांना हवं तेवढं खायला दिलं. कोमट पाण्यातून आल्यावर त्यांनी सरासरी ६०८ कॅलरी खाल्ल्या. नुसते बसून राहिले त्या दिवशीही साधारण तेवढ्याच, ६१८. गार पाण्यातून आल्यावर मात्र ८७७. श्रम तेच आणि माणसंही तीच असताना फक्त पाण्याच्या गारव्याने अडीचशेहून जास्त कॅलरी पोटात गेल्या.

पळताना शरीर तापतं, आणि तापलेल्या शरीराला काही वेळ अन्न नकोसं वाटतं. उन्हाळ्यात भर दुपारी शेतावरून आलेला माणूस आधी ताक मागतो, भाकरी नंतर. माझ्या मैत्रिणीला पळून आल्यावर खावंसं वाटत नव्हतं ते यामुळेच. पाणी मात्र हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने अंगातली उष्णता ओढून नेतं, त्यामुळे पोहणाऱ्याच्या भुकेवर तापलेल्या अंगाचा तो लगाम राहत नाही. त्यात आपल्याकडचे बहुतेक टँक उघड्यावरचे आणि न तापवलेले. स्पर्धेसाठी २५ ते २८ अंशांचं पाणी लागतं. डिसेंबर-जानेवारीत पहाटे आपल्या टँकमध्ये पहिली उडी घेताना जी शिवी ओठांवर येते, तीच सांगते की आपण त्या मर्यादेच्या बरेच खाली आहोत. बाहेर आल्यावरही वारा ओल्या अंगाला लागतच असतो, आणि आतली उष्णता आणखी थोडा वेळ घसरत राहते. गेटवरची भूक नेमकी तेव्हाच गाठते.

लफबरो विद्यापीठातल्या एका अभ्यासाची यात भर घालायला हवी, नाहीतर सगळं खापर पाण्यावर फुटेल. २०११ च्या त्या अभ्यासात चौदा तरुणांनी तासभर पोहण्याचं सत्र केलं. पोहत असताना त्यांची भूक दबली आणि नंतरच्या तासांत ती नेहमीपेक्षा वर गेली. तरीही समोर ठेवलेल्या जेवणातून त्यांनी न पोहलेल्या दिवसापेक्षा फारसं जास्त खाल्लं नाही. म्हणजे भूक लागली तरी जास्त खाल्लं जाईलच असं नाही. मधल्या वेळात काय समोर येतं यावर बरंच ठरतं. प्रयोगशाळेत ठरलेल्या वेळी ठरलेलं ताट येतं. आमच्या टँकबाहेर वड्याची गाडी असते.

आता मैत्रिणीचा हिशेब. मी एक दिवस पोहायचं सोडून काठावर बसले आणि घड्याळ लावून तिच्याकडे पाहिलं. (तिला आधी सांगितलं होतं, तरी तिने त्या दिवशी जरा जास्तच जोर लावला.) ती पंचेचाळीस मिनिटं पाण्यात होती. त्यातली तीस मिनिटं प्रत्यक्ष पोहण्यात गेली, पंधरा मिनिटं कठड्याला धरून श्वास घेण्यात आणि सुनेच्या डोहाळजेवणाची हकिगत ऐकण्यात. पंचवीस मीटरच्या टँकमध्ये तिच्या छत्तीस लेंग्थ झाल्या, म्हणजे ९०० मीटर. तिच्या मनगटावरच्या घड्याळाने या सगळ्याचे ५२० लिहिले.

ढोबळ हिशेब असा की शांत बसलेलं शरीर तासाला किलोमागे एक कॅलरी खर्च करतं. सावकाश फ्रीस्टाइलला त्याच्या सहापट लागतात. ७२ किलोच्या बाईला तासाला ४३२, म्हणून अर्ध्या तासाला २१६. त्यातल्या ३६ तिने घरी बसूनही खर्च केल्याच असत्या, त्या वजा केल्यावर १८० उरतात. गप्पांच्या पंधरा मिनिटांत पाण्यात उभं राहण्याचे आणखी वीस धरा. तेव्हा दोनशे. पाचशेवीस नव्हे. घड्याळ पाण्यातला सगळा वेळ पोहण्याचा धरतं, आणि मनगटावरून ठोके मोजणारा त्याचा प्रकाशाचा सेन्सर पाण्यात हमखास गडबडतो. जमिनीवर ते बरं चालतं म्हणून टँकमध्येही चालेल, ही समजूत महागात पडते.

पोहणं सोडून तिचा दिवसाचा खर्च साधारण १,८८० निघतो, म्हणजे पोहण्याच्या दिवशी २,०८०. तिच्या कागदावर खाल्लेलं सगळं लिहायला सांगितलं. पहाटे काही नाही, "रिकाम्या पोटी चरबी जळते ना." सव्वासातला गाडीवर एक वडापाव, तो सुमारे तीनशेचा, आणि साखरेचा चहा ऐंशीचा. घरी साडेआठला पोह्यांची भरलेली बशी तीनशेवीसची आणि पुन्हा चहा. अकरा वाजता ऑफिसात चार बिस्किटं, एकशेदहा. दुपारचा डबा अगदी शहाण्यासारखा, ४९०. पाच वाजता मात्र मूठभर म्हणता म्हणता पन्नासेक ग्रॅम फरसाण आणि चहा, मिळून साडेतीनशे. रात्रीचं जेवण पाचशे. बेरीज २,२३०.

घड्याळाच्या हिशेबाने ती रोज पावणेदोनशेच्या तुटीत होती, खऱ्या हिशेबाने दीडशेने वर. न पोहण्याच्या दोन दिवसांत तिचं खाणं आणि खर्च जवळपास बरोबरीत सुटत होते. तेव्हा आठवड्याला साडेसातशे कॅलरी वाढीव, दहा आठवड्यांत एक किलो. टँकमधलं पाणी प्यायली नव्हती ती. तीस मिनिटांच्या पोहण्याचा सगळा खर्च आणि वर जवळपास दोनशे कॅलरी गाडीवरच वसूल होत होत्या.

इथे कुणीही सांगेल की वडापाव बंद कर. तेवढंच केलं असतं तर ती आठ दिवस टिकली असती आणि नवव्या दिवशी दोन खाल्ले असते. तिच्या कागदावर दोन वेगवेगळ्या भुका होत्या, आणि दोन्हींवर एकच औषध चालत नाही.

पहिली भूक गेटवरची. ती थंडीची. ओळखायची कशी? ती अंगावर काटा असताना येते, एकदम येते, आणि तिला गरम आणि तळलेलंच लागतं. त्या क्षणी कुणी सफरचंद पुढे केलं तर राग येतो. अंग तापलं की ती निम्म्याने उतरते. दुसरी भूक अकराची आणि पाचची. ती हळूहळू चढते, सोबत चिडचिड आणते, आणि कोरडे कपडे घालून जात नाही. ही शिधा कमी पडल्याची भूक. रात्री साडेआठला जेवलेली बाई पहाटे सहाला पाण्यात उतरते तेव्हा यकृतातला साखरेचा साठा बराच खाली आलेला असतो. पोहून झाल्यावर तिच्या पोटात मैदा, बटाटा, तेल, साखर आणि पोहे जातात. कॅलरी आठशेच्या घरात, पण प्रथिनं फारच कमी. अकरा वाजता पोट पुन्हा हाक मारतं यात नवल नाही.

तिसरा एक लबाड पाहुणाही असतो, तहान. टँकमध्ये उतरल्यावर थोड्या वेळात लघवीला का लागते, याचं बायकांना मोठं कोडं असतं. (पुरुषांना नसतं बहुधा, ते बोलत नाहीत एवढंच.) चहूबाजूंनी पाण्याचा दाब आला की हातापायांतलं रक्त छातीकडे सरकतं. शरीराला वाटतं पाणी जास्त झालं, आणि मूत्रपिंडं ते बाहेर टाकू लागतात. शिवाय पोहताना घामही येतो, तो दिसत नाही इतकंच. एवढं होऊनही गार पाण्यात तहान जाणवत नाही. मग बाहेर आल्यावर शरीर काहीतरी मागत असतं आणि आपण त्याला वडा देतो.

तिच्यासाठी ठरवलेल्या दिवसाची सुरुवात पहाटे पावणेसहाला एका केळ्याने झाली. साधं मध्यम केळं, शंभर कॅलरी, आणि अर्धा ग्लास पाणी. "पोटात काही असताना पोहलं तर गोळे येतात," ही आज्जीची भीती भरपेट जेवणाबाबत ठीक आहे. अर्धा तास आधीचं केळं कुणाला बुडवत नाही. खरं सांगायचं तर तीस मिनिटांच्या सावकाश पोहण्याला त्याची गरजही नव्हती. ते केळं सव्वासात वाजताच्या तिच्यासाठी होतं. चरबी जाळण्याचा तिचा मुद्दाही मी बाजूला ठेवला. पहाटेच्या त्या अर्ध्या तासात काय जळलं याने फारसा फरक पडत नाही. चोवीस तासांची बेरीज काय येते, त्याने पडतो.

पोहून झाल्यावर आधी अंग. आम्ही क्रम बांधून टाकला. शेवटच्या दोन लेंग्थ जरा जोरात, म्हणजे बाहेर येताना अंगात ऊब असते. कठड्यावर ओल्या अंगाने गप्पा नाहीत. केस नीट पुसायचे, कानटोपी, पूर्ण बाह्यांचा स्वेटर, मोजे. गरम पाण्याचा शॉवर असलेले टँक थोडे, ज्यांना मिळतो त्यांनी तो सोडू नये. मग पिशवीतला थर्मास, त्यात बिनसाखरेचं, हळद किंवा थोडी कॉफी घातलेलं गरम दूध, एक ग्लास, १३० कॅलरी. सोबत मूठभर फुटाणे, तीसेक ग्रॅम, ११५. ते चावायला वेळ लागतो, आणि हात आणि तोंड गुंतलेलं असताना गाडी ओलांडली जाते. मग घरापर्यंत चालत, दहा-बारा मिनिटं, रमत नव्हे तर भरभर. रिक्षाने गेली असती तर अंग घरी पोचेपर्यंत गारच राहिलं असतं आणि भूकही.

सव्वाआठला न्याहारी. पन्नास ग्रॅम मूग भिजवून वाटलेल्या पिठाची दोन धिरडी, एक चमचा तेलात, आणि शंभर ग्रॅम दही. मिळून २८०. दूध, फुटाणे, मूग आणि दही यांतून सकाळी नऊच्या आत साधारण अठ्ठावीस-एकोणतीस ग्रॅम प्रथिनं पोटात गेली. पूर्वी तीच बाई त्याच वेळेपर्यंत कॅलरी जास्त घेऊन प्रथिनं याच्या निम्म्यापेक्षा कमी घेत होती. अंडी खाणाऱ्यांना हे सोपं आहे. दोन उकडलेली अंडी म्हणजे दीडशे कॅलरी आणि बारा ग्रॅम प्रथिनं. आमच्या मैत्रिणीच्या घरी अंडं चालत नाही, म्हणून मूग.

डबा जसाच्या तसा ठेवला. दोन पोळ्या, उसळ, भाजी, कोशिंबीर, ४९० कॅलरी. चांगल्या चाललेल्या गोष्टीला हात लावू नये. पाचऐवजी साडेचारला कमी साखरेचा चहा आणि एक पेरू, ११०. रात्री एक ज्वारीची भाकरी, वाटीभर पिठलं किंवा आमटी, पालेभाजी, ताक, ४३०.

रात्रीच्या जेवणातले सत्तर कमी झाले ते ताटातून नव्हे, तेलाच्या डब्यातून. त्यांच्या चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल लागायचं. भागाकार केला तर माणशी रोज ३४० कॅलरी निव्वळ फोडणीच्या निघतात. महिन्याला चार लिटरच आणायचे असं ठरलं आणि माणशी रोजच्या साधारण सत्तर कॅलरी कुणाला न कळता गेल्या. सासूबाईंना सांगितलंच नाही, आणि त्यांनी विचारलंही नाही.

नव्या दिवसाची बेरीज १,६५५ झाली. खर्च २,०८०. तूट ४२५. न पोहण्याच्या दिवशी केळं आणि फुटाणे वगळायचे, बाकी तेच. बेरीज १,४४०, खर्च १,८८०, तूट ४४०. पोहण्यासाठी लागणारा शिधा पोहण्याच्या आसपास दिला आणि तूट दुपारनंतरच्या फरसाण, साखर आणि तेलातून काढली. बहुतेक जण याच्या उलट करतात. पोहण्याच्या आधी आणि लगेच नंतर उपाशी राहून तूट "कमावतात" आणि संध्याकाळी व्याजासकट परत करतात.

पहिल्या आठवड्यात तिचा काटा चारशे ग्रॅमने वर गेला. तिचा सकाळी सहाच्या आधी फोन आला, यावरून काय ते समजा. स्नायूंत साठलेल्या प्रत्येक ग्रॅम साखरेसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी साठतं, आणि बायकांच्या शरीरात पाळीच्या आधी पाणी धरलं जातं ते वेगळंच. एका सकाळच्या आकड्यावर निकाल द्यायचा नाही. रोज सकाळी त्याच वेळी वजन करायचं आणि आठवड्याची सरासरी मागच्या आठवड्याच्या सरासरीशी जोडून पाहायची. बायकांनी तर चार आठवड्यांची तुलना करावी, म्हणजे पाळीचं एक पूर्ण चक्र आत येतं. चौथ्या आठवड्याची सरासरी पहिल्यापेक्षा अकराशे ग्रॅमने खाली होती.

हिशेब बरोबर असूनही तो बिघडल्याच्या खुणा काट्यावर नव्हे, पाण्यात आधी दिसतात. मी तिला एकच सांगून ठेवलं होतं. छत्तीस लेंग्थला तुला किती वेळ लागतो ते सोमवारी लिहून ठेव. तूट बेताची असेल तर वेळ टिकतो किंवा सुधारतो. दोन आठवडे सलग वेळ वाढत चालला, शेवटच्या दहा मिनिटांत हात शिशाचे वाटू लागले, रात्री भुकेने जाग यायला लागली, दिवसभर बोटं गार राहू लागली, तर शिधा खरोखर कमी पडतोय. तिच्या बाबतीत जानेवारीच्या मधल्या आठवड्यात असं झालं. पाण्याचा कहर गारवा आणि ऑफिसातलं वर्षअखेरीचं काम दोन्ही एकदम आलं. तेव्हा आम्ही न्याहारीत एक धिरडं वाढवलं आणि तूट तीनशेच्या थोडी वर आणून ठेवली. वजन उतरण्याचा वेग मंदावला. पण ती पोहत राहिली, आणि उपाशी पोटी चिडून टँक सोडण्यापेक्षा ते बरं. पाळी चुकणं किंवा लांबणं ही मात्र थांबण्याचीच खूण. तिथे तूट बंद करून डॉक्टरांकडे जायचं.

हे सगळं आठवड्याला चार-पाच तास पोहणाऱ्या, बाकी दिवस खुर्चीत घालवणाऱ्या मोठ्या माणसांसाठी आहे. सकाळ-संध्याकाळ चार-पाच किलोमीटर मारणाऱ्या स्पर्धकाचा हिशेब निराळा, त्याला पोहण्याच्या आधीही आणि नंतरही पिठूळ अन्न भरपूर लागतं. मायकल फेल्प्स दिवसाला बारा हजार कॅलरी खायचा ही गोष्ट टँकवर अजून सांगितली जाते. ती दंतकथा असल्याचं त्याने स्वतःच सांगितलेलं आहे, पण तरीही तो खूपच खात होता आणि त्याला ते लागतही होतं. डिसेंबरात मालवणच्या चिवला किनाऱ्यावर समुद्रात उतरणारे, किंवा संकरॉक ते गेटवे करायची स्वप्नं पाहणारे, यांनी त्या तयारीच्या महिन्यांत वजन उतरवण्याचा बेत बाजूला ठेवावा. अंगावरची थोडी चरबी लांब पल्ल्याच्या गार पाण्यात कामाचीच असते. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी पहाटेचं खाणं डॉक्टरांना विचारूनच ठरवावं, कारण पाण्यात साखर उतरली तर काठ लांब असतो.

मुलांबद्दल मी कडक आहे. वाढत्या वयातल्या, रोज सराव करणाऱ्या मुला-मुलींनी तूट ठेवायचीच नाही. चौदा वर्षांच्या मुलीला "थोडं कमी खा, पाण्यात हलकी होशील" असं सांगणारे पालक आणि सर मी पाहिलेत. ती हलकी होत नाही, आधी तिचे टायमिंग बिघडतात आणि मग पाळी. तिला पोहून आल्यावर भूक लागली तर वाढा.

उन्हाळ्यात पाणी कोमट झालं तेव्हा मैत्रिणीची गेटवरची भूक आपोआप निम्मी झाली. थर्मास घरी राहिला आणि त्याची जागा ताकाच्या बाटलीने घेतली. अकराची भूक मात्र कोमट पाण्यातही परत आली असती, धिरड्यांची न्याहारी सुटली असती तर. एका आठवड्यात पाहुण्यांमुळे ती सुटली आणि बिस्किटं लगेच परतली. यावरून तिलाच कुठली भूक कुठली ते कळलं, मला सांगावं लागलं नाही.

सहा महिन्यांत तिचं वजन सहा किलोच्या आसपास उतरलं, मध्ये दोन लग्नं धरून. हिशेबाने त्याहून जास्त उतरायला हवं होतं. पण वजन कमी होत गेलं की खर्चही कमी होतो, आणि लग्नातल्या जिलब्या कुणी मोजत नाही. आता ती पंचेचाळीस मिनिटांत पन्नास लेंग्थ करते, गप्पा शॉवरनंतर.

वडापाव ती दर शनिवारी खाते. कोरड्या कपड्यांत, फुटाणे खाऊन झाल्यावर, आणि एकच.